दोन टाक्या, एक पातळी : गच्चीवरच्या टाक्या खालून जोडताना

एक टाकी पुरेना म्हणून गच्चीवर शेजारी दुसरी आणून ठेवली, की पुढचा प्रश्न ठरलेला. दोन्ही एकदम भरल्या पाहिजेत आणि दोन्ही एकदम उतरल्या पाहिजेत, तर जोडायच्या कशा? उत्तर वरवर सोपं आहे: तळाजवळ दोन्हींना भोक पाडा आणि मध्ये पाईप टाका. पाणी आपली पातळी शोधतंच. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींवर एका उंचीच्या खुणा करतात, तोच हा नियम.

पण त्या नळीतलं पाणी थांबलेलं असतं. टाक्यांमधलं पाणी वाहत असतं. एका टाकीत मोटर पाणी ओतत असते, दुसरीतून घरात जात असतं, आणि पातळी सारखी ठेवायची तर मधल्या पाईपमधून सतत पाणी इकडून तिकडे गेलं पाहिजे. ते जाण्यासाठी पातळीत थोडा तरी फरक पडावाच लागतो. तो फरक एक सेंटीमीटर असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पंधरा सेंटीमीटर असेल तर एक टाकी वाहून जाते आणि दुसरी अर्धवट राहते. पाईप किती जाड, व्हॉल्व्ह कुठे, फ्लोट कुठल्या टाकीत, हे सगळे निर्णय त्या एका फरकापाशी येऊन मिळतात.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर सांगतो. दोन टाक्या, प्रत्येकी १००० लिटरच्या, एकाच मापाच्या, प्लास्टिकच्या, उभ्या गोल. आतला व्यास साधारण १.०७ मीटर, म्हणजे पाण्याचा एक सेंटीमीटर उंचीचा थर सुमारे ९ लिटरचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. मोटर मिनिटाला ४० लिटर वर चढवते. तुमच्याकडची मोटर किती देते हे कळायला वीस लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं. बादली अर्ध्या मिनिटात भरली, तर ४०.

आधी टाक्यांची कामं वाटून घ्या

मोटरचं पाणी जिच्यात पडतं ती भरणीची टाकी. घरात जाणारा पाईप जिच्यातून निघतो ती उपशाची टाकी. या दोन वेगळ्या ठेवा. पुष्कळ ठिकाणी जुन्या टाकीलाच भरणीचा आणि घराचा असे दोन्ही पाईप राहू देतात आणि नवीन टाकी नुसती बाजूला लटकवतात. पातळी तरीही सारखी राहते, पण नव्या टाकीतलं पाणी पूर्ण बदलत नाही. रोज थोडं आत येतं, थोडं बाहेर जातं, तळाचं आणि पलीकडच्या कडेचं तसंच राहतं. काही महिन्यांनी झाकण उघडलं की वास सांगतो. भरणी एकीकडून आणि उपसा दुसरीकडून केला, तर घरात येणारा प्रत्येक लिटर दोन्ही टाक्यांमधून फिरून येतो.

याची एक किंमत आहे. उपशाची टाकी धुवायला काढली की घराचं पाणी बंद. म्हणून भरणीच्या टाकीलाही घराच्या पाईपला मिळणारी एक जोडणी आत्ताच देऊन ठेवा आणि तिचा व्हॉल्व्ह एरवी बंद ठेवा.

पाईप किती जाड

माझी पहिली जोडणी मी २५ मिलिमीटरच्या, म्हणजे इंची पाईपने केली होती. हिशेब साधा वाटला होता: मोटरचा पाईप इंची आहे, जेवढ्यातून येतं तेवढ्यातूनच पुढे जाईल. शिवाय पुढे जायचं ते निम्मंच, कारण निम्मं पहिल्या टाकीतच राहणार. हिशेब चुकला तो या ठिकाणी: मोटरच्या पाईपमागे मोटर आहे. ती पाणी मजल्यांवर चढवते, तिच्याकडे मीटरमीटरांचा जोर असतो. मधल्या पाईपमागे कुणीच नाही. त्याला ढकलायला दोन टाक्यांच्या पातळीतला काय तो फरक, तोही सेंटीमीटरांत. इतक्याशा जोरावर तेवढंच पाणी न्यायचं तर वाट रुंद हवी.

आकड्यात बघू. मोटर मिनिटाला ४० लिटर देते आणि दोन्ही टाक्या बरोबरीने भरायच्या आहेत, म्हणजे मधल्या पाईपमधून मिनिटाला २० लिटर गेले पाहिजेत. पाईप दोन मीटर लांब, त्यात दोन एल्बो आणि दोन पूर्ण उघडे बॉल व्हॉल्व्ह धरले, तर आतून २५ मिलिमीटर असलेल्या पाईपला त्यासाठी सुमारे १४ सेंटीमीटरचा फरक लागतो. एक माप मोठा पाईप घेतला, ३२ मिलिमीटरचा, तर ५ सेंटीमीटर. ४० मिलिमीटरला २, आणि ५० मिलिमीटरला, म्हणजे दोन इंचीला, एक सेंटीमीटरहूनही कमी. उलट दिशेने गेलात आणि २० मिलिमीटरचा पाईप लावलात, तर जवळपास ४० सेंटीमीटर. अशा दोन टाक्यांना जोडलेल्या म्हणणंही धाडसाचं आहे.

हे आकडे इतके झपाट्याने का बदलतात, ते कळलं की पुढे कुणाला विचारावं लागत नाही. व्यास दुप्पट केला की पाईपचं तोंड चौपट होतं, म्हणून पाण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. आणि वाटेत खर्च होणारा जोर वेगाच्या वर्गाने घटतो, म्हणजे सोळाव्या हिश्श्यावर. १४ सेंटीमीटरचा एक सेंटीमीटरच्या आत येतो तो असा. हाच नियम प्रवाहाला उलटा लागतो: मोटर मिनिटाला ८० लिटर देणारी असेल, तर प्रवाह दुप्पट आणि फरक चौपट. तेव्हा दोन इंचीलाही तीन-एक सेंटीमीटर लागतील, जे चालतं. इंचीला अर्ध्या मीटरहून जास्त लागतील, जे चालत नाही.

म्हणून मी आता डोकं न लावता एक नियम पाळतो: मधला पाईप भरणीच्या पाईपच्या दुप्पट. इंची भरणीला दोन इंची जोड. जागा किंवा सामान अडत असेल तर ४० मिलिमीटरपर्यंत खाली या, त्याहून खाली नाही. पाईप लांब असेल किंवा एल्बो चार-पाच होत असतील, तर ४० ही सूट घेऊ नका.

विकत घेताना पाईपच्या नावावर जाऊ नका, आतलं भोक बघा. इथे बहुतेकांची फसगत होते. दोन इंची म्हणून मिळणारं टँक निपल आतून बरंच अरुंद असू शकतं, कारण आटे आणि भिंतीची जाडी त्याच मापात बसवलेली असते. बॉल व्हॉल्व्हचंही तसंच. काही व्हॉल्व्ह बाहेरून दोन इंची असतात आणि आतल्या गोळ्याचं भोक दीड इंची. दुकानातच व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि आरपार बघा. गोळ्याची कडा आत आलेली दिसली, तर पूर्ण भोकाचा दुसरा मागा.

उंची : बुडाची नव्हे, काठाची

पातळी सारखी होते ती जमिनीच्या हिशेबाने, टाकीच्या बुडाच्या हिशेबाने नाही. एक टाकी १५ सेंटीमीटर उंच कट्ट्यावर असेल, तर तिच्यात नेहमी १५ सेंटीमीटर पाणी कमी दिसेल. ती पूर्ण भरायच्या आधी खालची वाहू लागेल. म्हणजे वरच्या टाकीतले सुमारे १३५ लिटर कायमचे गेले. दोन सारख्या टाक्यांसाठी कट्टे पाणसळ लावून एक सेंटीमीटरच्या आत जुळवा. टाक्या वेगवेगळ्या उंचीच्या असतील, तर बुडं जुळवत बसू नका, ओव्हरफ्लोची भोकं एका पातळीत आणा. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक एका ओव्हरफ्लोपाशी धरा आणि दुसरं दुसऱ्यापाशी, लगेच कळतं.

कट्टा सपाट आणि टाकीच्या संपूर्ण बुडाला आधार देणारा हवा. १००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, दोन टाक्यांचे दोन. दुसरी टाकी ठेवताना स्लॅबच्या मधोमध ठेवू नका. खाली तुळई किंवा भिंत आहे अशा जागी ठेवा. इमारत जुनी असेल तर आधी जाणकाराला दाखवा, ही टाळायची पायरी नाही.

मधल्या पाईपचं भोक दोन्ही टाक्यांना एकाच उंचीवर, तळाची गोलाई संपून सरळ भिंत सुरू होते तिथे, साधारण बुडापासून ७-८ सेंटीमीटरवर घ्या. गोलाईवर निपल बसत नाही, वॉशर एका बाजूने उचलला जातो आणि तिथून आयुष्यभर पाझरतं. त्याहून बरंच वर घेतलंत, तर भोकाच्या खाली पातळी गेल्यावर दोन्ही टाक्या एकमेकींपासून तुटतात आणि भरणीच्या टाकीतलं खालचं पाणी घरापर्यंत पोचत नाही. घराचा पाईप मधल्या पाईपपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर ठेवा. मग घरात पाणी येत असेपर्यंत मधला पाईप बुडालेला राहतो, त्यात हवा शिरत नाही. घराच्या पाईपच्या खालचं पाणी वापरात येत नाही हे खरं, पण ती जागा गाळाची आहे. तेवढं सोडून द्या.

आता एक गोष्ट जी गच्चीवर हमखास चुकते. दोन टाक्यांच्या मध्ये चालायची वाट असते आणि पाईप पायात येतो म्हणून प्लंबर तो वर उचलून कमानीसारखा नेतो. तसं करू देऊ नका. पाण्यातली हवा कमानीच्या माथ्यावर जमते आणि पाण्याची वाट अडवते. पातळी कमानीच्या खाली गेली आणि वर हवा शिरली, तर उरलंसुरलं जाणंही थांबतं. पाईप सरळ न्या. अडलंच तर खाली वाकवून न्या आणि सगळ्यात खालच्या जागी टी टाकून गाळ काढायचा छोटा व्हॉल्व्ह बसवा. खाली वाकलेल्या पाईपमध्ये गाळ साचतो, पण तो काढता येतो.

व्हॉल्व्ह कुठे

मधल्या पाईपवर एकच व्हॉल्व्ह मध्यावर बसवणं हा सर्रास दिसणारा प्रकार. त्याने टाक्या वेगळ्या होतात, पण पाईपचा एखादा सांधा गळू लागला तर दुरुस्तीसाठी कुठली तरी एक टाकी रिकामी करावीच लागते. दोन व्हॉल्व्ह घ्या, प्रत्येक टाकीच्या निपलला लागून एक, आणि त्यापुढे लगेच युनियन. मग मधला पूर्ण तुकडा दोन्ही टाक्या भरलेल्या असताना सोडवता येतो.

व्हॉल्व्ह बॉलचाच घ्या. दांडा पाईपच्या रेषेत असेल तर उघडा, आडवा असेल तर बंद, हे लांबून दिसतं. चाक फिरवायचा गेट व्हॉल्व्हही वाट पूर्ण मोकळी देतो, पण वर्षानुवर्षं न फिरवता राहिला की अडकतो, आणि उघडा आहे की बंद हे दिसत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मात्र या पाईपवर कधीही नको. 'पाणी उलटं जाऊ नये' म्हणून तो सुचवणारे भेटतात. इथे पाणी दोन्हीकडे जाऊ शकणं हेच तर आपल्याला हवं आहे, आणि त्याची झडप उघडण्यातच हातातला थोडासा जोर संपतो.

व्हॉल्व्हने पातळी 'सेट' करायची नसते. दोन्ही पूर्ण उघडे ठेवायचे. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह म्हणजे दोन इंची पाईपच्या पैशात घेतलेला इंची पाईप.

फ्लोट भरणीच्या टाकीत

पूर्ण भरल्यावर मोटर बंद करणारा फ्लोट कुठल्या टाकीत घालायचा, यावर बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं: शेवटी भरते त्या टाकीत, म्हणजे दोन्ही भरल्याची खात्री. ऐकायला बरोबर वाटतं. आपल्या इंची पाईपवर ते लावून बघा.

ओव्हरफ्लो १०५ सेंटीमीटरवर आहे आणि फ्लोट उपशाच्या टाकीत १०० सेंटीमीटरवर मोटर बंद करतो. भरताना भरणीची टाकी १४ सेंटीमीटर पुढे असते. ती १०५ ला पोचते तेव्हा उपशाची ९१ वर असते. फ्लोटला अजून ९ सेंटीमीटर हवेत, म्हणजे आणखी ८१ लिटर. भरणीची पातळी आता वाढू शकत नाही, त्यामुळे फरक कमी होत जातो आणि मधला प्रवाहही मंदावतो. त्या ८१ लिटरला पाचेक मिनिटं लागतात. तेवढ्यात मोटर २०० लिटर ओतते आणि सुमारे १२० लिटर गच्चीवर वाहून जातं. रोज, प्रत्येक भरणीला. आणि कुणी मधला व्हॉल्व्ह बंद करून विसरला, तर उपशाच्या टाकीत पाणी येतच नाही, फ्लोट उठतच नाही, मोटर चालूच राहते.

आता फ्लोट भरणीच्या टाकीत घाला. व्हॉल्व्ह बंद असो, पाईप तुंबो, भरणीची टाकी भरली की मोटर बंद. फार तर दुसरी टाकी रिकामी राहील, पण पाणी वाहणार नाही. बिघडायचंच असेल तर या बाजूने बिघडू द्यावं. मोटर नसून पाणी आपोआप दाबाने येत असेल आणि टाकीत तरंगत्या गोळ्याचा बॉलकॉक असेल, तरी तो याच टाकीत, आणि एकच पुरतो.

माझ्या इंची जोडणीत फ्लोट योग्य टाकीत होता, तरी दुसरी गंमत झाली. संध्याकाळी गच्चीवर होतो. मोटर बंद झाली, मिनिटभर शांतता, आणि परत सुरू. परत बंद. परत सुरू. वाटलं फ्लोट गेला. झाकण उघडून आत बघत बसलो तेव्हा कळलं. मोटर बंद झाल्या क्षणी भरणीची पातळी १००, उपशाची ८६. मोटर थांबल्यावर दोन्ही ९३ वर येऊ पाहतात, म्हणजे भरणीतली पातळी डोळ्यांदेखत ७ सेंटीमीटर उतरू लागते. माझा फ्लोट पाचच सेंटीमीटर उतरल्यावर मोटर सुरू करणारा होता. बिचारा आपलं काम बरोबर करत होता. शेवटी मोटर थांबली तेव्हाही टाक्या काठोकाठ नव्हत्याच. असं सुरू-बंद होत राहणं मोटरला मानवत नाही, दर सुरुवातीला ती जास्त वीज खेचते आणि तापते.

खरा इलाज जाड पाईप. दोन इंचीवर फरक सेंटीमीटरभर, म्हणजे मोटर थांबल्यावर भरणीची पातळी अर्धा सेंटीमीटर उतरते आणि फ्लोटला पत्ताही लागत नाही. तरीही चालू आणि बंद यांतलं अंतर मोठं ठेवा, निदान २५-३० सेंटीमीटर. वायरला लटकणारा फ्लोट असेल, तर त्याच्या वायरवर एक वजन सरकवलेलं असतं. वजनापासून फ्लोटपर्यंत वायर जितकी लांब सोडाल, तितकं हे अंतर वाढतं. फक्त तो फिरताना टाकीच्या भिंतीला किंवा पडणाऱ्या पाण्याच्या धारेला अडकत नाही ना, हे हाताने वर-खाली करून बघा. बंद होण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या पाच सेंटीमीटर तरी खाली असू द्या. धार पडताना पाणी हेलकावतं.

फ्लोटची वायर मोटरच्या विजेशी जोडलेली असते आणि पाण्यात लोंबत असते. हे काम इलेक्ट्रिशियनकडून, मुख्य स्विच बंद करून, आणि गळती झाली तर वीज तोडणारा ब्रेकर लावूनच करा. मोटर मोठी असेल तर फ्लोटने थेट मोटर नको, मध्ये काँटॅक्टर हवा.

प्रत्यक्ष जोडणी

दोन्ही टाक्या रिकाम्या करून कायमच्या जागी ठेवा, मग भोकांच्या खुणा करा. उलट क्रमाने केलं की टाकी थोडी फिरते आणि भोकं समोरासमोर येत नाहीत. भोक होल सॉने पाडा, निपलच्या बाहेरच्या आट्यांचं माप घेऊन. तापलेल्या सळईने वितळवून पाडलेलं भोक कधी गोल होत नाही. कडेचे तुकडे चाकूने साफ करा आणि आत पडलेला कीस गोळा करून बाहेर काढा, नाहीतर तो पहिल्याच आठवड्यात नळाच्या जाळीत येतो.

निपल आतून बाहेर घाला. रबरी वॉशर टाकीच्या भिंतीला चिकटून, मग नट. हाताने पूर्ण आवळा आणि पान्याने पाव फेरा. जास्त आवळलं की वॉशर पिळवटून बाहेर येतो. टेफ्लॉन टेप पुढच्या आट्यांच्या सांध्याला लावा, वॉशरच्या जागी तिचा उपयोग नाही.

प्लास्टिकची टाकी भरली की पोटाकडे थोडी फुगते आणि रिकामी झाली की आत जाते. मधला पाईप अगदी ताठ, सरळ आणि आखूड असेल, तर हा रोजचा ताण निपलवर येतो आणि काही महिन्यांत तिथून पाझर सुरू होतो. म्हणून मध्ये वीत-दीड वीत जाड लवचीक होज दोन्हीकडे क्लॅम्प लावून घाला. तो उन्हात टिकणारा आणि अपारदर्शक घ्या, पारदर्शक होजमध्ये शेवाळं धरतं. होज नको असेल, तर दोन एल्बो देऊन पाईप आडव्या पातळीतच वळवा. वळण स्वतः थोडं हलतं आणि ताण घेतं. सोल्यूशन लावलेले सांधे डब्यावर लिहिलेला वेळ राहू द्या. मी रात्रभर ठेवतो.

दोन्ही टाक्यांना आपापला ओव्हरफ्लो हवा, भरणीच्या पाईपपेक्षा जाड. हवेची वाटही दोन्हींना हवी. झाकण घट्ट बसलं आणि ओव्हरफ्लोची जाळी कचऱ्याने बुजली, तर आतल्या हवेला जायला जागा नसते आणि पाणी आत यायला बघत नाही. झाकण उचलताना फुस्स आवाज आला तर हेच कारण.

तपासून बघा

मधले दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून भरणीची टाकी ८० सेंटीमीटरपर्यंत भरा, उपशाची रिकामी. मोटर बंद करा, दोन्ही व्हॉल्व्ह उघडा आणि घड्याळ लावा. दोन इंची पाईपवर दोन्ही टाक्या ४० च्या आसपास यायला तीन ते चार मिनिटं लागतात. इंचीवर पाव तास. तुमची दोन इंची असून दहा मिनिटं लागत असतील, तर कुठेतरी वाट अरुंद आहे: निपल, व्हॉल्व्हचं भोक, किंवा आत अडकलेला कीस. मापायला सरळ काठी बुडवा आणि ओली खूण टेपने मोजा.

पुढे कधीही पातळीत फरक दिसला, तर आधी मोटर आणि घराचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अर्धा तास थांबून परत मोजा. फरक गेला, तर जोडणी ठीक आहे, फक्त पाईप प्रवाहाच्या मानाने बारीक आहे. फरक तसाच राहिला, तर वाट बंद आहे: व्हॉल्व्ह, गाळ किंवा अडकलेली हवा. आणि फरक दर वेळी नेमका तेवढाच, तीन किंवा चार सेंटीमीटर, येत असेल, तर पाण्याला दोष देऊ नका. कट्टे वर-खाली आहेत. तुम्ही बुडापासून मोजताय, पाणी जमिनीपासून मोजतंय.

दोन्ही टाक्या वेगवेगळ्या मापाच्या असतील तर

जोडणी चालते. भरणी मोठ्या टाकीत घ्या. मधल्या पाईपमधून दुसऱ्या टाकीच्या तोंडाच्या प्रमाणात पाणी जातं. एका सेंटीमीटरला ९ लिटर घेणारी टाकी आणि ५ लिटर घेणारी टाकी असेल, तर भरणी मोठीत केल्यावर मिनिटाच्या ४० लिटरपैकी चौदा-एक लिटरच पलीकडे जावे लागतात. उलट केलंत तर जवळपास २६. प्रवाह दुप्पट झाला की फरक चौपट होतो हे वर आलंच आहे.

धुवायच्या दिवशी

भरणीची टाकी धुवायची असेल तर आधी दोन्ही भरून घ्या, मग मधले दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. घर उपशाच्या टाकीवर चालेल. इथे एक खोड आहे: भरणीची टाकी रिकामी होताच तिच्यातला फ्लोट खाली लोंबतो आणि मोटर सुरू करतो. तुम्ही आत वाकून घासत असता आणि वरून धार पडते. म्हणून टाकी उपसायच्या आधी मोटरचा मुख्य स्विच बंद करून त्यावर चिठ्ठी लावा. उपशाची टाकी धुताना मधले व्हॉल्व्ह आणि तिचा घराकडचा व्हॉल्व्ह बंद, आणि भरणीच्या टाकीची राखीव जोडणी उघडी.

परत सुरू करताना धुतलेल्या टाकीतलं पहिलं पाणी सोडून द्या, राखीव जोडणी बंद करा, मधले दोन्ही व्हॉल्व्ह उघडा, सगळ्यात शेवटी मोटरचा स्विच. मी दोन्ही व्हॉल्व्हच्या दांड्यांना लाल सुतळी बांधली आहे. सुतळी पाईपच्या रेषेत दिसली की जिना उतरतो.